चौकोनी बाई आणि पुठ्ठ्याला चिकटलेला दाखला

चौकोनी बाई आमच्या दुकानात बसायला लागल्या त्याला नऊ वर्षं झाली. दुकान माझं, खिडकीजवळचं टेबल त्यांचं. मी झेरॉक्स काढतो, बाइंडिंग करतो, लॅमिनेशन करतो. त्या लोकांचे दाखले इंग्रजीत करून देतात. त्या टेबलाचं भाडं म्हणून त्या मला काय देतात म्हणाल, तर डोक्याला ताप. पण त्या आल्या नाहीत की दुकान ओकंबोकं वाटतं, तेही खरं आहे.

त्यांना चौकोनी हे नाव मीच पाडलं. दाखल्यावर जे छापलेलं असतं ते त्या सरळ लिहितात, आणि त्यावर आणखी जे काही असेल, म्हणजे शिक्का, सही, तिकीट, कुणीतरी पेनानं केलेली खाडाखोड, ते सगळं चौकोनी कंसात घालतात. गोल शिक्का, जांभळी शाई, अर्धवट वाचता येतो. डावीकडे समासात निळ्या शाईत हस्ताक्षर. सही, वाचता येत नाही. एकदा एका दाखल्यावर चहाच्या कपाचं वर्तुळ उमटलेलं होतं. मी गमतीत म्हटलं, हेही घाला कंसात. त्यांनी भिंग लावून बघितलं, तो शिक्का नाही याची खात्री केली, आणि मग कुठं तो विषय सोडला. अशा बाईला दुसरं काय नाव पाडणार?

आधी त्या कोर्टाच्या नक्कल विभागात होत्या, सव्वीस वर्षं. तिथं एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं नकलेवर बोट ठेवून ताडून बघायचा, ही रीत. पहिल्याच वर्षी त्यांच्या हातून एका नकलेत कोपऱ्यातला एक शिक्का राहिला. एवढासा शिक्का, त्यावर एकच शब्द, 'रद्द'. त्या एका शब्दापायी एका माणसाची तीन वर्षं कोर्टात गेली. तो माणूस त्यांना कधी एका शब्दानं बोलला नाही, उलट भेटला की नमस्कार करायचा. बाई म्हणतात, शिव्या दिल्या असत्या तर मी विसरले असते.

आमचं भांडण लॅमिनेशनवरून. लोक दाखला घेऊन येतात, मी तो प्लॅस्टिकमध्ये छान गरम करून देतो, आणि बाई कपाळाला हात लावतात. उठावाचा शिक्का सपाट होतो म्हणे, शाई उडते म्हणे, काही कचेऱ्या तसा कागद घेतच नाहीत म्हणे. एक दिवस येऊन बघतो तर माझ्याच मशीनवर माझ्याच पुठ्ठ्यावर पाटी: 'मूळ दाखले लॅमिनेट करू नका.' माझ्या पोटावर पाय, तोही माझ्याच दुकानात. मी पाटी काढली, त्यांनी परत लावली. चार वेळा झालं, मग मीच कंटाळलो. पाटी आहे अजून.

आता त्या मंगळवारचं सांगतो. सकाळचे सव्वाअकरा वाजले होते, हे मला नक्की आठवतं, कारण त्यानंतर संध्याकाळपर्यंत आम्ही सगळे घड्याळाकडेच बघत होतो. एक तिशीतला माणूस धापा टाकत आत आला. काखेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी मोठं. त्याच्या मागून एक म्हातारे गृहस्थ, अगदी इस्त्रीचा सदरा, वरचं बटणसुद्धा लावलेलं. तो जावई आणि हे सासरे. जावई लिफ्ट दुरुस्त करणारा, सासरे आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करत आलेले.

"भाषांतरवाल्या बाई इथंच बसतात ना?" जावयानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता चादर सोडली.

आत फ्रेम. काचेची, सोनेरी काठाची, भिंतीवरून तशीच काढून आणलेली. आणि फ्रेमच्या आत लग्नाचा दाखला. लोक लग्नाचा फोटो लावतात, यांनी दाखला लावलेला.

बाईंनी चष्मा वर केला. "बसा आधी. पाणी प्या. मग सांगा, कधीपर्यंत हवंय?"

"आज. पाचच्या आत."

त्यानं फोन पुढे केला. हकीकत अशी होती. त्याची बायको परदेशात नर्स. आठ महिन्यांपूर्वी रजेवर येऊन गेली, आणि आता तिला पाच आठवड्यांत बाळ होणार होतं. तिथं तिचं आपलं असं कुणी नाही. यानं नवरा म्हणून व्हिसाचा अर्ज केलेला, कुठल्याशा वेबसाइटवरून भाषांतरही करून घेतलेलं, फ्रेमचा काचेवरूनच फोटो काढून. मधोमध फ्लॅशचा पांढरा गोळा. व्हिसा कचेरीनं कळवलं होतं: मूळ दाखल्याच्या दोन्ही बाजूंच्या प्रती पाठवा, आणि सगळे शिक्के व हस्तलिखित नोंदी धरून पूर्ण भाषांतर पाठवा. लग्नाच्या तारखेत खाडाखोड दिसते, भाषांतरात तिचा उल्लेख नाही. अमुक दिवशी पाचपर्यंत आलं नाही तर आहे त्या कागदांवर निर्णय घेऊ. अमुक दिवस म्हणजे आजचा.

"हे पत्र दहा दिवसांपूर्वीचं आहे," बाई म्हणाल्या. "दहा दिवस काय केलंत?"

"नोंदणी कचेरीत खेटे घातले. नवीन नक्कल मागितली. ते म्हणतात त्या वर्षाचं रजिस्टर स्कॅन करायला पाठवलंय, दोन आठवडे लागतील. आज सकाळी तिथल्याच शिपायानं तुमचं नाव सांगितलं."

"आणि आहे त्या कागदांवर निर्णय म्हणजे नकार," मी म्हणालो. मला कुणी विचारलं नव्हतं. जावयाचा चेहरा असा उतरला की मीच जीभ चावली. परत अर्ज करायचा तर दोन-तीन महिने. म्हणजे बाळ येणार आणि हा इथं लिफ्टच्या खड्ड्यात उभा असणार, एवढं सरळ होतं ते.

बाईंनी भिंग काढलं. फ्रेमवर वाकल्या. दाखला छापील नमुन्याचा होता, त्यात शाईनं भरलेली माहिती. लग्नाच्या तारखेच्या जागी बारा लिहून खोडलेलं, वर एकवीस लिहिलेलं, शेजारी कुणाची तरी आद्याक्षरं. आणि चारी बाजूंनी पांढऱ्या पुठ्ठ्याची शोभेची पट्टी. बाईंची नजर त्या पट्टीच्या कडेवर थांबली.

"ही पट्टी काढा," त्या मला म्हणाल्या.

मी फ्रेमच्या मागचे खिळे उपसले, काच बाजूला ठेवली, पट्टी उचलली. आणि समास उघडा झाला. डावीकडे, खालून वर, बारीक अक्षरांत कुणीतरी लिहिलेलं होतं: 'तारीख दुरुस्त. मागे पाहा.'

बाई उठून उभ्याच राहिल्या. चौसष्ट वर्षांची बाई, गुडघे कुरकुरतात म्हणून एरवी खुर्ची सोडत नाही. "मागे पाहा," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चढला. "अहो, मागे सगळं आहे. कुणी दुरुस्त केली, कुणाच्या हुकमानं, सगळं मागे असणार. उलटा करा."

मी दाखला उलटा करायला गेलो आणि तो आलाच नाही. मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेला होता. खळ लावून, चारी कडांना आणि मधून एक पट्टा, एकदम पक्का.

"हे कुणी केलं?" मी ओरडलोच. "कुठल्या गाढवानं मूळ दाखला पुठ्ठ्याला चिकटवला?"

इतका वेळ गप्प बसलेले सासरे म्हणाले, "मी."

मग काय बोलणार? मी पुठ्ठ्याकडे बघायला लागलो. जावईही बघायला लागला. त्याला हे ठाऊक नव्हतं, हे त्याच्या तोंडावरून कळत होतं.

"निघेल का?" बाईंनी मला विचारलं. मला, म्हणजे ज्याच्या मशीनवर त्यांनी पाटी लावली होती त्याला.

मी म्हणालो, "पाणी लावलं तर खळ सुटेल. पण शिक्क्याची शाई पाण्यानं फुटते. मागे शिक्का असेल तर त्याचा डाग होईल, आणि मग तुम्ही लिहा कंसात, जांभळा डाग."

"मग?"

"मग कोरडं. पण एक लक्षात ठेवा, मी कागद पुठ्ठ्यापासून सोडवणार नाही. पुठ्ठा कागदापासून सोडवणार."

हा आमच्या धंद्यातला मूळ धडा आहे. ज्याला जपायचं ते टेबलावर सपाट पालथं पडून राहतं, आणि जे टाकायचं त्याला वाकवायचं, सोलायचं. पुठ्ठा म्हणजे तरी काय, एकावर एक दाबलेले कागदच. मी दाखला स्वच्छ टीपकागदावर पालथा घातला, दुकानाचं शटर अर्धं ओढलं, झेरॉक्सला आलेल्या दोन कॉलेजच्या पोरींना समोरच्या दुकानात पिटाळलं आणि पातळ सुरी घेतली. पुठ्ठ्याचा वरचा थर, मग त्याखालचा, मग त्याखालचा. लांब लांब साली निघत होत्या. हात थरथरू नयेत म्हणून मी कुणाला बोलू देत नव्हतो, आणि स्वतः मात्र अखंड बडबडत होतो. घाबरलो की माझं असं होतं.

तोवर बाईंनी वेळ फुकट घालवला नाही. पुढची बाजू त्यांनी आधीच फोनवर टिपून घेतली होती. त्या टाइप करत होत्या आणि जावयाला दमात घेत होत्या. "पासपोर्ट दे. तुझा आणि तिचा. नावं पासपोर्टात जशी आहेत तशीच लिहीन, माझ्या मनानं नाही. तारखेत महिना अक्षरांत लिहीन, म्हणजे दिवस कुठला आणि महिना कुठला हा घोळ नको. उजवीकडे वर हे तिकीट, त्यावर शिक्का, तारीख अर्धीच उमटलीय. अर्धी तर अर्धी. बारा खोडलंय, एकवीस वर लिहिलंय, आद्याक्षरं आहेत, वाचता येत नाहीत."

"बाई, ते बारा लिहायलाच हवं का?" जावयानं हळूच विचारलं. "खरी तारीख एकवीसच आहे. उगाच पुन्हा शंका."

बाईंनी टाइप करायचं थांबवलं. "आधीच्या भाषांतरवाल्यानं नाही लिहिलं. काय झालं?"

जावयानं फोनवरच्या त्या पत्राकडे बघितलं.

"खाडाखोडीला ते घाबरत नाहीत, बाबा. आपण ती लपवली की घाबरतात."

पावणेदोन वाजता शेवटचा थर राहिला, टीपकागदासारखा पातळ. कडा आणि मधला पट्टा सोडून बाकीचा भाग आपोआप सुटला, कारण तिथं खळच नव्हती. मी तो उचलला आणि खाली निळी अक्षरं दिसली. आम्ही चौघांनी एकदम डोकी खाली घातली आणि माझं नि जावयाचं कपाळ आपटलं.

सुरेख अक्षर होतं. 'वधूच्या वडिलांच्या अर्जावरून व चौकशीअंती लग्नाची तारीख बाराऐवजी एकवीस अशी दुरुस्त केली. आदेश क्रमांक...' खाली नोंदणी अधिकाऱ्याची सही, हुद्दा, तारीख. आणि गोल शिक्का, चक्क वाचता येण्यासारखा. मला एवढा आनंद झाला की मी बाईंच्या पाठीवर थाप मारली. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

पण आदेशाचा क्रमांक होता तो नेमका मधल्या खळीच्या पट्ट्यात. मी जीव मुठीत धरून, नखाएवढं नखाएवढं करत सोडवलं. तरी कागदाचा एक पापुद्रा पुठ्ठ्याबरोबर गेलाच. तीन, चार, आणि पुढे फक्त खरबरीत पांढरं. दोन आकडे गेले होते.

"एकाहत्तर," सासरे म्हणाले. "तीन हजार चारशे एकाहत्तर. मला पाठ आहे. तीन दिवस उभा होतो मी त्या खिडकीपुढे."

"लिहा की मग," जावई म्हणाला. त्यानं घड्याळाकडे बघितलं. अडीच वाजले होते.

बाई म्हणाल्या, "नाही."

"अहो, त्यांना पाठ आहे म्हणताहेत."

"असेल. पण कागदावर नाही. मी खाली सही करून सांगणार, की हे भाषांतर या कागदाचं आहे, पूर्ण आहे आणि बिनचूक आहे. यांच्या आठवणीचं भाषांतर नाही करत मी. मी लिहिणार, तीन, चार, पुढचे दोन आकडे कागदाचा पृष्ठभाग निघाल्यामुळे वाचता येत नाहीत."

मग मी भडकलो. सांगून टाकतो, फार बोललो. म्हणालो, तुमच्या चौकोनात तुम्ही बसा, इथं माणसाचं पोर जन्माला येतंय. दोन आकड्यांसाठी त्याला अडकवता? तुम्हाला काय, तुम्ही कंस लावून मोकळ्या. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाइंडर, तो क्रमांक एकाहत्तरऐवजी सतरा निघाला तर? ते त्या कचेरीला विचारू शकतात. मग हा खोटा, मीही खोटी, आणि लग्न खरं असून खोटं."

बाराचे एकवीस कसे झाले होते ते समोरच पडलेलं होतं.

"आणि यांना जे ठाऊक आहे ते वाया जाऊ द्यायचं असं कुठं म्हणाले मी?" त्यांनी एक कोरा कागद सासऱ्यांपुढे सरकवला. "तुमचं पत्र तुम्ही लिहा. तुमच्या हातानं, तुमच्या सहीनं. दाखला चिकटवला कोणी, क्रमांक काय आठवतो, दुरुस्ती का झाली. त्या पत्राचं भाषांतर मी वेगळं करते. कागद सांगतो ते कागदाच्या नावावर, तुम्ही सांगता ते तुमच्या."

सासऱ्यांनी पेन घेतलं. घड्याळं उघडणारा हात, पण पेन धरून तो तसाच राहिला. दहा मिनिटं गेली. जावई येरझाऱ्या घालत होता, मी पाठपोट स्कॅन करत होतो. शेवटी म्हातारे खाली मान घालून म्हणाले, "का चिकटवला तेही लिहायचं?"

"खरं असेल ते लिहा."

"लाज वाटते."

"मग लाज वाटते असं लिहा."

त्यांनी लिहिलं. ते मी वाचलंय, म्हणून सांगतो. लिहिलं होतं की, कारकुनानं तारीख उलटी लिहिली. बारा तारखेला तर मुलगी परीक्षेला बसली होती. मी जाऊन दुरुस्ती करून आणली. पण माझ्या एकुलत्या एका मुलीच्या दाखल्यावर खाडाखोड राहिली, ती मला बघवेना. चार माणसं येतात, बघतात, काहीबाही बोलतात. म्हणून समास पट्टीखाली गेला आणि मागची बाजू पुठ्ठ्याला. जावयाला व मुलीला हे माहीत नाही. चूक माझी आहे, त्यांची नाही. आदेशाचा क्रमांक माझ्या आठवणीप्रमाणे तीन हजार चारशे एकाहत्तर.

बाईंनी ते वाचलं आणि चष्मा पुसला. मग म्हणाल्या, "चौथ्या ओळीत तुम्ही एक शब्द खोडलाय."

"'डाग' लिहिलं होतं. मग 'खाडाखोड' केलं."

"वाचता येतोय. कंसात घालते."

सासरे त्यांच्याकडे बघतच राहिले, आणि मग त्या अख्ख्या दिवसात पहिल्यांदा हसले. जावई हसायला लागला, मी हसायला लागलो. चौकोनी बाई आपल्या टाइप करत होत्या, त्यांना यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.

तीन वाजून पन्नास. मग ताडून बघायचं. मला वाटलं, आज तरी सोडतील. छे. "वाचा," त्या म्हणाल्या. मी मूळ दाखला हातात धरून मोठ्यानं वाचत गेलो, त्या भाषांतरावर पेन्सिलीनं खुणा करत गेल्या. पुढची बाजू, समास, मागची बाजू. शिक्का. सही. तिकीट. एका ठिकाणी मी म्हणालो, "उजवीकडे खाली उठावाचा शिक्का," आणि पेन्सिल थांबली. तो त्यांच्याकडे राहिला होता. शाई नसलेला शिक्का, फोटोत दिसलाच नव्हता. त्यांनी कागद तिरका धरला, खिडकीच्या उजेडात बोट फिरवलं, आणि पांढऱ्यावर पांढरी अक्षरं वर आली. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी तो कंसात घातला आणि मला म्हणाल्या, "पुन्हा पहिल्यापासून." मी मुकाट्यानं पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

चार वाजून पंचवीस. दोन्ही भाषांतरं छापली. प्रत्येक पानावर पान क्रमांक, शेवटी त्यांचं पूर्ण नाव, पत्ता, फोन, आपल्याला दोन्ही भाषा येतात व भाषांतर पूर्ण आणि बिनचूक आहे हे निवेदन, तारीख, सही. सगळं पुन्हा स्कॅन करून एका फायलीत घातलं आणि जावयानं ती चढवायला घेतली. फाइल फार मोठी आहे, म्हणे. शिव्या मी मशीनला दिल्या. आकार कमी केला, तर शिक्का धूसर झाला. बाई म्हणाल्या, चालणार नाही. मग दोन फायली केल्या. चार सत्तेचाळीस. निळी पट्टी सरकत होती, थांबत होती, सरकत होती. सासऱ्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं होतं, जणू ते बघत असले की वेळ जरा दबून राहणार होता.

चार एकावन्नला हिरवी खूण आली. मिळाले, म्हणाली ती वेबसाइट. जावयानं मला मिठी मारली, सासऱ्यांना मिठी मारली, आणि बाईंच्या पुढे जाऊन थबकला. बाई म्हणाल्या, "मूळ दाखला पाकिटात ठेव. प्लॅस्टिक नाही, खळ नाही, घडी नाही." आणि त्यांनी डबा उघडला. त्या जेवल्याच नव्हत्या. आम्ही कुणीच जेवलो नव्हतो.

त्यानंतरचे अठरा दिवस माझे कसे गेले ते माझ्या बायकोला विचारा. जावयाचा फोन लागायचा नाही तर मी चिडायचो, लागला तर काही बातमी नाही म्हणून चिडायचो. बाई रोज आपल्या वेळेवर यायच्या, कंस लावायच्या. मी विचारायचो, "काय वाटतं हो?" त्या म्हणायच्या, "मी वाटण्याचं काम करत नाही." पण त्यांच्याकडे आलेली प्रत्येक मेल त्या आता लगेच उघडून बघायच्या, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही. एकोणिसाव्या दिवशी दुपारी मेल त्यांनाच आली. व्हिसा कचेरीनं विचारलं होतं, हे भाषांतर तुम्हीच केलं का आणि ते पूर्ण आहे का. बाईंनी एका ओळीत उत्तर दिलं, होय. पाठवताना त्यांनी माझा हात धरला होता. बहुतेक त्यांच्या लक्षात नसावं.

दोन दिवसांनी व्हिसा आला. जावई आठवड्याच्या आत निघालासुद्धा. निघताना दुकानात आला तर नुसता पासपोर्टाचं ते पान उघडून बाईंपुढे धरून उभा. बाईंनी सवयीनं भिंग उचललं.

आणि परवा सासरे आले. तोच इस्त्रीचा सदरा, पण बटणं वरखाली लागलेली. हातात फोन, त्यावर मुलीचा चेहरा, घामानं केस चिकटलेले, आणि शेजारी जावई, मांडीवर दुपट्यात काहीतरी गुंडाळलेलं. मुलगी झाली होती. तो पोचून पाच दिवस झाले होते. कळा रात्रभर चालल्या आणि त्या सगळ्या रात्रीत त्यानं तिचा हात सोडला नाही, असं ती आम्हाला सांगत होती. मग ते गाठोडं रडायला लागलं, आणि एवढ्या लांबून तो आवाज माझ्या दुकानात आला.

सासऱ्यांनी फोन बाईंच्या टेबलावर ठेवला, तिच्या रडण्यासकट.

"बाई," ते म्हणाले, "मी माझ्या हातानं हिचा बाप इथं चिकटवून ठेवला होता."

बाई पहिल्यांदाच काही ताडून न बघता बोलल्या. "सुटला ना," त्या म्हणाल्या, आणि रडल्या. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं.